एक बुकिंग, चार रिफंड आणि चौदा दिवस

काल क्रेडिट कार्डाचा हिशोब एकदाचा जुळला, म्हणून आता निवांत लिहायला बसलेय. मार्चमध्ये एक बुकिंग रद्द झालं, तेही मी नाही केलं, समोरच्यांनीच केलं, आणि माझे पैसे चार वेगवेगळ्या वाटांनी परत आले. कुठले २० मिनिटांत, कुठले १४ दिवसांनी. त्या १४ दिवसांत मी मोबाईल उघडून बॅलन्स किती वेळा बघितला ते विचारू नका. पण मधे माझ्या मावसभावाने, जो पेमेंटच्या धंद्यात रिकन्सिलिएशनचं काम करतो म्हणजे दिवसभर हिशोब जुळवत बसतो, मला सगळं नीट समजावून सांगितलं आणि मग डोकं जरा थंड झालं. तुम्ही आत्ता रिफंडची वाट बघत बसला असाल तर तुमचंही होईल कदाचित.

रकमेचे खरे आकडे देत नाही, त्याची गरजही नाही. एकूण फी १०० धरा.

तर तीन दिवसांचं एक निवासी फोटोग्राफी वर्कशॉप होतं. ४ फेब्रुवारी २०२५ ला जागा पक्की करायला २० ॲडव्हान्स बँक ट्रान्सफरने भरले. उरलेले ८० मार्चमध्ये भरायचे होते. १० मार्चला, सोमवारी रात्री, भरायला बसले. वॉलेटमध्ये पडून होते ते ३० आधी वापरले, राहिले ५०. ते डेबिट कार्डाने भरायला गेले. ओटीपी टाकला, चक्र फिरतंय फिरतंय, आणि शेवटी स्क्रीनवर 'पेमेंट फेल'. त्याच क्षणी बँकेचा मेसेज, ५० गेले म्हणून! आता काय करणार, जागा जाईल या भीतीने लगेच क्रेडिट कार्ड काढलं आणि ५० पुन्हा भरले. ते गेले. म्हणजे १०० च्या बुकिंगला माझे १५० अडकले.

१३ मार्चला, गुरुवारी दुपारी ईमेल आला. वर्कशॉप रद्द, पूर्ण पैसे परत, 'रिफंड इनिशिएट झाला आहे, ५ ते ७ कामाच्या दिवसांत जमा होईल'. रागही आला नाही खरं तर, पूर्ण पैसे देतायत ना, मग ठीक.

आणि त्याच दुपारी, २० मिनिटं पण झाली नसतील, वॉलेटमध्ये ३० परत! मला वाटलं वा, बाकीचे पण उद्यापर्यंत येतील. तिथेच फसले मी.

वॉलेटचं इतक्या झटपट का होतं तर त्यात पैसे कुठे जातच नाहीत. माझं खातं आणि आयोजकांचं खातं दोन्ही त्या एकाच कंपनीच्या वहीत. एका पानावरचे ३० खोडायचे, दुसऱ्या पानावर लिहायचे, झालं. मधे बँक नाही, सुट्टी नाही, रात्र-दिवस नाही. (तेच वॉलेट जर नुसतं दार म्हणून वापरलं असतं, म्हणजे त्याच्या मागे जोडलेल्या कार्डातून पैसे कापले गेले असते, तर परतही कार्डाच्याच वाटेने जावं लागलं असतं आणि मग कार्डाचाच वेळ लागला असता. ॲप तेच, चाल मात्र बैलगाडीची.)

१४ तारखेला शुक्रवारी सकाळी मी बँकेच्या हेल्पलाईनला फोन लावला. क्रेडिट कार्डाच्या ५० बद्दल विचारलं. "मॅडम, आमच्याकडे अशी कुठलीच क्रेडिट एंट्री दिसत नाहीये." अहो पण त्यांनी काल पाठवलेत म्हणतायत! "मॅडम, तुम्ही मर्चंटशी बोलून घ्या." मग आयोजकांना ईमेल. त्यांचं उत्तर, आम्ही आमच्याकडून इनिशिएट केलंय, तुम्ही बँकेशी बोला. आणि डेबिट कार्डाच्या ५० बद्दल तर त्यांनी सरळ लिहिलं की आमच्याकडे असा व्यवहार झालेलाच नाही. आता माझ्या फोनवर बँकेचा मेसेज आहे, बॅलन्स ५० ने कमी आहे, आणि हे म्हणतात झालाच नाही! मला वाटलं हे गेले आपले.

त्या रात्री मावसभावाला फोन केला. सगळं ऐकून घेतलं त्याने आणि पहिला प्रश्न विचारला, "ताई, डेबिटच्या स्टेटमेंटमध्ये ती एंट्री आहे का? मेसेज नको सांगू, स्टेटमेंट उघड."

उघडलं. एंट्री नव्हती! खात्यातली शिल्लक एक दाखवत होती आणि वापरायला उपलब्ध शिल्लक त्यापेक्षा बरोबर ५० ने कमी.

"मग पैसे गेलेलेच नाहीत. होल्ड आहे तो."

कार्ड वापरतो तेव्हा खरं तर दोन वेगळ्या गोष्टी होतात म्हणे. आधी दुकानाकडून आपल्या बँकेला प्रश्न जातो, हिच्याकडे एवढे आहेत का, बँक हो म्हणते आणि तेवढी रक्कम बाजूला अडवून ठेवते. हे दोन सेकंदांत होतं, आणि आपण यालाच पेमेंट समजतो. प्रत्यक्ष पैसे नंतर हलतात, दुकानदार दिवसभराच्या व्यवहारांचा गठ्ठा करून त्याच्या बँकेला देतो तेव्हा. माझ्या केसमध्ये बँकेने हो म्हटलं, पण ते हो आयोजकांच्या पेजपर्यंत पोचलंच नाही, वाटेत तुटलं. त्यामुळे त्यांच्या लेखी व्यवहार फेल. ते खोटं बोलत नव्हते, त्यांच्याकडे खरंच नोंद नव्हती. आणि नोंद नाही म्हणजे होल्ड सोडा असा निरोप पाठवणार कोण? कोणीच नाही. मग बँक स्वतःच मुदत संपली की सोडते. साध्या खरेदीत ही मुदत बहुधा आठवड्याभराची असते, हॉटेल किंवा भाड्याच्या गाडीच्या डिपॉझिटला जास्त, कधीकधी महिनाभरसुद्धा.

"आणि हो, रिफंडची एंट्री शोधत बसू नकोस, ती येणारच नाही. एक दिवस आकडा आपोआप वाढलेला दिसेल."

तसंच झालं. १७ तारखेला, सोमवारी सकाळी उपलब्ध शिल्लक ५० ने वाढलेली. ना मेसेज, ना एंट्री. मी जर रिफंडची ओळ शोधत बसले असते तर आजही शोधत असते. एक मात्र आहे, सगळ्या बँका असंच करत नाहीत, काही ठिकाणी डेबिट कार्डाचे पैसे तिथल्या तिथे खरोखर कापले जातात आणि मग उलटी एंट्री येते. म्हणून आधी स्टेटमेंट बघा, त्यात ओळ आहे की नाही त्यावरून पुढे काय मागायचं ते ठरतं. ओळ नसेल तर बँकेला रिफंड कुठाय असं विचारू नका, होल्ड कधी सुटणार ते विचारा, लगेच उत्तर मिळतं. रिफंड म्हटलं की ते आपल्याला मर्चंटकडेच पाठवतात.

आता क्रेडिट कार्डाचे ५०. हे खरं प्रकरण.

माझा समज असा की रिफंड म्हणजे झालेला व्यवहार पुसून टाकणं, कॉम्प्युटरवर अनडू करतो तसं. तसं नसतंच. गठ्ठा जायच्या आत, म्हणजे त्याच दिवशी वगैरे रद्द केलं तर पुसता येतं, तेव्हा नुसता होल्ड सुटतो. पण एकदा पैसे दुकानदाराच्या बँकेकडे गेले की परत येणं हा पूर्ण नवा व्यवहार, उलट्या दिशेचा. आणि जाताना जो सेकंदाभरातला प्रश्न-उत्तराचा खेळ झाला तो येताना बहुतेक वेळा होतच नाही. पैसे द्यायचे असतील तर शिल्लक तपासायची घाई असते, पैसे येणार असतील तर कोणाला काय विचारायचंय? म्हणून रिफंड ही नुसती फाईलमधली एक ओळ. ती फाईल दुकानदाराच्या बँकेकडून कार्ड नेटवर्ककडे, तिथून आपल्या बँकेकडे. दर टप्प्यावर एक ठरलेली वेळ असते, ती चुकली की दुसऱ्या दिवशीची गाडी. मधे शनिवार-रविवार आला की अजून दोन दिवस. आणि फाईल आपल्या बँकेत पोचेपर्यंत तिला काही माहितीच नसतं, त्यामुळे हेल्पलाईनवाल्या बाई "काही दिसत नाही" म्हणत होत्या ते शंभर टक्के खरं होतं. हल्ली नेटवर्कवाल्यांनी रिफंडलाही आधी निरोप पाठवायची सोय केलीय, तिथे ॲपमध्ये लगेच 'पेंडिंग क्रेडिट' असं दिसतं, पण मला ते काही दिसलं नाही.

हे सगळं पटलं, पण मग मी म्हटलं, अरे पण १३ ला निघालेत ना, फाईलला किती दिवस लागणार?

तो हसला. "१३ ला निघालेत असं कोण म्हणालं? इनिशिएट झालेत म्हणालेत ते."

आणि मग त्याने जे सांगितलं ते मला आधी माहीत असतं तर शुक्रवारचा सगळा दिवस वाचला असता. आयोजकांनी स्क्रीनवर रिफंडचं बटण दाबलं की पेमेंट कंपनीकडे एक विनंती जाते. पेमेंट कंपनी ते पैसे आणते कुठून? तर आयोजकांच्याच रोजच्या येणाऱ्या कमाईतून. आज समजा १००० ची विक्री झाली आणि ५० चा रिफंड द्यायचाय तर ती आयोजकांना ९५० देते आणि ५० परत पाठवते. नेहमीच्या दुकानात हे छान चालतं, कारण विक्री रोज असते आणि रिफंड थोडे असतात. पण वर्कशॉप रद्द झालं की काय होतं? सगळ्यांचे रिफंड एकाच दिवशी आणि नवीन विक्री शून्य. वजा करायला काही शिल्लकच नाही! मग ते रिफंड रांगेत बसून राहतात, आयोजक त्यांच्या खात्यातून वरून पैसे भरेपर्यंत. त्यांच्या स्क्रीनवर 'इनिशिएटेड', आपल्या ईमेलमध्ये 'इनिशिएटेड', आणि पैसे जागचे हललेलेसुद्धा नाहीत. वर बऱ्याच पेमेंट कंपन्या मूळ व्यवहाराचं कमिशनही परत देत नाहीत, म्हणजे मला पूर्ण ५० द्यायचे तर फरक आयोजकांच्या खिशातून. हे ऐकून खरं सांगते, मला त्यांची थोडी दयाच आली.

"मग मी करू काय?"

"त्यांच्याकडे एआरएन माग. देऊ शकले तर समज निघाले. नाही देऊ शकले तर समज अजून तिथेच आहेत."

एआरएन म्हणजे अक्वायरर रेफरन्स नंबर, २३ आकड्यांचा. रिफंडची ओळ दुकानदाराच्या बँकेने पुढे पाठवली की तिला हा नंबर असतो आणि तोच शेवटपर्यंत चालतो. तुम्हाला ईमेलमध्ये जो रिफंड आयडी येतो तो हा नव्हे. तो पेमेंट कंपनीचा घरगुती नंबर, बँकेला त्याचा काडीचा उपयोग नाही. मी शुक्रवारी हेल्पलाईनवर तोच वाचून दाखवत होते, अक्षरांसकट.

शनिवारी १५ ला आयोजकांना एका ओळीचा ईमेल टाकला, कृपया क्रेडिट कार्ड रिफंडचा एआरएन द्या. रविवार गेला. सोमवारी काही नाही. मंगळवारी १८ ला सकाळी उत्तर, त्यात तो लांबलचक नंबर.

भावाला पाठवला तर त्याने मला तो वाचायला शिकवला, आणि हे मला फार आवडलं. पहिला आकडा सोडायचा. पुढचे सहा म्हणजे दुकानदाराच्या बँकेची ओळख. त्यानंतरचे चार, म्हणजे आठव्यापासून अकराव्यापर्यंत, ही तारीख! माझ्या नंबरात तिथे ५०७६ होतं. ५ म्हणजे २०२५ मधला शेवटचा आकडा, आणि ०७६ म्हणजे वर्षातला ७६ वा दिवस. जानेवारीचे ३१, फेब्रुवारीचे २८, झाले ५९, वर १७. म्हणजे १७ मार्च. मी कागदावर बोटं मोजत केलं हे. १३ ला 'इनिशिएट' झालेला रिफंड खरा निघाला १७ ला! मधले चार दिवस, त्यात शनिवार-रविवार धरून, तो नुसता रांगेत बसला होता.

आणि मग तो '५ ते ७ कामाचे दिवस' कुठून मोजायचा हेही कळलं. ईमेलच्या तारखेपासून नाही, या ७६ पासून.

१८ ला दुपारी पुन्हा हेल्पलाईन. यावेळी मी नुसतं रिफंड नाही म्हटलं, म्हटलं माझ्याकडे एआरएन आहे, लिहून घ्या. बाईंचा सूरच बदलला. दोन मिनिटं होल्डवर ठेवलं (हा वेगळा होल्ड) आणि सांगितलं, "हो मॅडम, ट्रेस होतोय, पोस्ट व्हायचाय, दोन-तीन दिवस धरा." बास, मला एवढंच हवं होतं.

२० तारखेला, गुरुवारी सकाळी कार्डाच्या ॲपमध्ये आलं. व्यवहाराची तारीख १७, पोस्टिंगची २०.

पण माझ्या कार्डाचं बिल १८ ला तयार होतं. म्हणजे रिफंड दोन दिवसांनी हुकला आणि बिलात वर्कशॉपचे ५० तसेच लागले. मला वाटलं आता रिफंड आलाय तर तेवढे कमी भरू. बँकेला विचारलं तर म्हणाले असं करू नका, रिफंड हे तुमचं पेमेंट धरलं जात नाही, बिलावरची किमान रक्कम तरी तुम्हाला वेगळी भरावीच लागेल नाहीतर लेट फी. माझं पूर्ण बिलाचं ऑटोपे लावलेलं होतं ते मी तसंच राहू दिलं. तुमचा रिफंड बिलाच्या तारखेच्या आसपास असेल तर हे आधी विचारून घ्या.

राहिले बँक ट्रान्सफरचे २०. सगळ्यात सोपे वाटत होते आणि सगळ्यात शेवटी आले, आणि त्यात निम्मी चूक माझीच.

कार्डाला निदान परतीची वाट असते. बँक ट्रान्सफरला तीही नाही. मी पाठवलेले २० 'उलटे' करता येत नाहीत, आयोजकांना मला नव्याने पैसे पाठवावे लागतात, जसे ते कुठल्याही बिलाचे पाठवतील तसे. त्यासाठी त्यांना माझा खाते नंबर हवा, म्हणून १४ तारखेला फॉर्म आला होता. मी त्याच वैतागलेल्या शुक्रवारी तो भरला, ब्राउझरने आपोआप जुना खाते नंबर सुचवला, मी बघितलं न बघितलं आणि सबमिट. ते खातं मी गेल्या वर्षी बंद केलंय!

त्यांच्या अकाउंट्सवाल्यांचा पैसे पाठवायचा दिवस आठवड्यातून एकदाच, बुधवारी. १९ ला पाठवले. शुक्रवारी २१ ला त्यांचा ईमेल, खातं बंद असल्याने रक्कम आमच्याकडे परत आली. मी कपाळाला हात लावला. त्यातल्या त्यात नशीब की खातं बंदच होतं. चुकून दुसऱ्याच कोणाचा चालू नंबर पडला असता तर पैसे तिकडे जमा झाले असते आणि मग ते परत मिळवणं म्हणजे त्या माणसाच्या संमतीपर्यंत गेलं असतं प्रकरण. नवा नंबर दिला, यावेळी पासबुक समोर ठेवून, आणि पुन्हा पुढच्या बुधवारची वाट. २६ ला पाठवले, २७ ला सकाळी जमा. पैसे बँकेतून बँकेत जायला एक रात्र लागली, बाकीचे १३ दिवस फॉर्म, बुधवार आणि माझा निष्काळजीपणा.

मधे १९-२० च्या सुमारास एका मैत्रिणीने सुचवलं होतं, सरळ बँकेत डिस्प्यूट टाक, चार्जबॅक कर, म्हणजे बँकेकरवीच पैसे परत ओढून घे, सुतासारखे सरळ येतील. भावाने कानाला खडा लावायला सांगितलं. रिफंड वाटेत असताना डिस्प्यूट टाकला तर पैसे दोनदा येऊ शकतात, मग एक परत कापला जातो, कोणता कधी कापला हे शोधण्यात महिना जातो. शिवाय बँक सहसा रिफंडचं आश्वासन मिळाल्यापासून १५ दिवस थांबायलाच सांगते. त्याच वेळी हातावर हात ठेवून पण बसायचं नाही, कारण डिस्प्यूटला मुदत असते, कार्डांना बऱ्याच प्रकारांत १२० दिवसांची. मी कॅलेंडरवर २८ मार्चला खूण करून ठेवली होती, तोवर कार्डाचे आले नाहीत तर टाकायचा. वेळ आली नाही. बँक ट्रान्सफरला तर हा रस्ताच नाही, म्हणून पुढच्या वेळी ॲडव्हान्ससुद्धा कार्डानेच भरायचं असं ठरवलंय.

आणि हो, त्या दिवसांत एक फोनही आला, "तुमचा रिफंड अडकलाय, सोडवायला ओटीपी सांगा." मी तेव्हा इतकी कंटाळले होते की क्षणभर खरंच सांगणार होते. पैसे येताना ना ओटीपी लागतो ना पिन. ठेवून दिला फोन.

७ एप्रिलला ऑटोपेने पूर्ण बिल कापलं, त्यातले वर्कशॉपचे ५० धरून. त्यामुळे आता कार्डाच्या ॲपमध्ये माझी थकबाकी उणे दिसते, म्हणजे बँकच माझं देणं लागते. ते पैसे खात्यात वळते करून मागता येतात, पण त्यासाठी पुन्हा एक विनंती, पुन्हा काही कामाचे दिवस. मी म्हटलं राहू दे, या महिन्यात कार्ड वापरूनच संपवते.